चहा-भाखरी, ऑड्स रेशो आणि व्हायवाची तयारी

थीसिस सबमिट झाली की घरच्यांना वाटतं झालं सगळं, आता व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, नुसती फॉर्मॅलिटी, पेढे आणायचे बाकी. मी स्टॅटिस्टिक्स शिकवते, बऱ्याच व्हायवांना मागच्या बाकावर बसून ऐकलंय, म्हणून मला तसं कधीच वाटलं नाही. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक, साधारण काय करतो, तर थीसिसमधलं एक वाक्य बोट ठेवून वाचतो आणि विचारतो, हे तुम्ही कशावरून म्हणता? बस. बाकी सगळं त्या एका प्रश्नाची भावंडं. आणि आता ज्या थीसिस येतायत त्यात नवी अडचण अशी आहे की ते वाक्य लिहिणाऱ्याच्या हातचं असतं पण पूर्णपणे हातचं नसतं, लँग्वेज मॉडेलमधून पॉलिश होऊन आलेलं असतं. मुलं अगदी खरं सांगतात, "फक्त इंग्लिश सुधारून घेतलं." माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण फक्त इंग्लिश सुधारताना दाव्याचं वजन बदलू शकतं, आणि ते बदललंय हे व्हायवाच्या आधी कळलं पाहिजे, टेबलाच्या पलीकडच्या माणसाकडून नाही.

माझ्या भाचीची पीएचडी न्यूट्रिशनमधली, इथे बडोद्यातच. विषय किशोरवयीन मुलींमधला ॲनिमिया, आणि त्यात तिचा खास भाग म्हणजे जेवणाबरोबर चहा. चहातले पॉलिफेनॉल्स, ज्यांना आपण सरसकट टॅनिन म्हणतो, ते आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि ते नीट शोषलं जात नाही, हे जुनं आणि पक्कं माहीत असलेलं आहे. धान्य, डाळी, भाज्यांतलं जे लोह असतं त्याला याचा फटका जास्त बसतो, आणि शाकाहारी घरात सगळं लोह तिथूनच येतं. त्यात आपल्याकडे सकाळी चहा-भाखरी, संध्याकाळी चहा-थेपला, मराठी घरात चहा-पोळी. म्हणजे बडोद्यात हा प्रश्न कोणी अभ्यासायला घेतला नसता तरच नवल.

तिने सगळं स्वतः केलं. शाळाशाळांतून फिरली, बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन मोजलं, 12 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली म्हणजे ॲनिमिया, हा डब्ल्यूएचओचा त्या वयाच्या मुलींसाठीचा कटऑफ. ॲनालिसिसही तिचंच. शिक्षण दहावीपर्यंत गुजराती मीडियममधून, घरी मराठी, त्यामुळे इंग्लिश लिहिताना हात अडखळतो, आणि गाईडने ड्राफ्टवर दर वेळी एकच शेरा मारलेला, लँग्वेज. मग तिने एकेक चॅप्टर मॉडेलला दिला. सूचना अशी की अर्थ न बदलता भाषा स्पष्ट, नेमकी आणि अकॅडेमिक कर. गाईडला विचारून केलं, डिक्लेरेशनमध्ये लिहूनही दिलं. यात मला काहीच गैर वाटत नाही, उलट ज्यांच्याकडे पैसे असतात ते वर्षानुवर्षं कॉपी-एडिटरकडून हेच करून घेत आलेत.

तर तयारीसाठी ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला म्हटलं, फायनल थीसिस आण आणि पॉलिश करायच्या आधीचा ड्राफ्टही आण. "मावशी, जुना ड्राफ्ट कशाला, त्यात नुसत्या चुका आहेत." म्हटलं आण तरी.

पहिली गोष्ट सापडली ती रिझल्ट्सच्या चॅप्टरमध्ये. तिच्या ड्राफ्टमध्ये वाक्य होतं ते मोडक्या इंग्लिशमध्ये, पण त्याचा अर्थ असा की चहा जेवणासोबत घेणाऱ्या मुलींमध्ये ॲनिमियाचे ऑड्स दुप्पट आढळले. फायनलमध्ये झालं होतं, या मुलींना ॲनिमिया होण्याची शक्यता दुप्पट आहे, ट्वाइस ॲज लाइकली. वाचायला किती छान वाटतं. आणि चूक आहे.

का ते नीट सांगते, कारण हा प्रश्न कुठलाही बरा एक्स्टर्नल विचारणारच. तिचे खरे आकडे अजून छापायचे आहेत म्हणून मी इथे गोल करून घेते, पण चित्र तेच आहे. समजा जेवणासोबत चहा न घेणाऱ्या 200 मुली, त्यातल्या 120 ॲनिमिक. चहा घेणाऱ्या 200, त्यातल्या 150 ॲनिमिक. ऑड्स म्हणजे आजारी भागिले निरोगी. तर एका गटात 150 भागिले 50, म्हणजे 3. दुसऱ्यात 120 भागिले 80, म्हणजे 1.5. ऑड्स रेशो बरोबर 2, 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे डेटाशी जुळणाऱ्या आकड्यांचा पट्टा, 1.3 ते 3.1. इथपर्यंत सगळं ठीक. पण शक्यता, म्हणजे शंभरातल्या किती, ती एका गटात 75 टक्के आणि दुसऱ्यात 60 टक्के. पंचाहत्तर भागिले साठ, सव्वा. म्हणजे ॲनिमियाचं प्रमाण सव्वापट, दुप्पट नाही. दुप्पट असूच शकत नाही, 60 ची दुप्पट 120 टक्के होते आणि शंभर मुलींमधल्या एकशेवीस मुली आजारी कशा पडतील!

आजार क्वचित होणारा असेल, म्हणजे शंभरात एखाद-दोन, तर ऑड्स रेशो आणि रिस्क रेशो, म्हणजे वरच्यासारखा टक्क्यांचा भागाकार, जवळजवळ सारखेच येतात आणि कोणी असं वाक्य लिहिलं तर खपून जातं. ॲनिमिया आपल्याकडे तसा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, एनएफएचएस-5 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये 57 टक्के निघाला. जिथे निम्म्याहून जास्त लोकांना आजार आहे तिथे ऑड्स रेशो नेहमी प्रत्यक्षापेक्षा फुगलेला दिसतो. भाचीला हे माहीत होतं, तिने म्हणूनच ऑड्स शब्द धरून ठेवला होता. मॉडेलने तो बदलला कारण भाषेच्या बाजूने बघितलं तर दुसरं वाक्य जास्त रुळलेलं आहे, वर्तमानपत्रात, पेपर्समध्ये, सगळीकडे ऑड्स रेशोचं असंच वर्णन सर्रास केलेलं असतं, चुकीचं असलं तरी. सहज वाचलं जाणारं वाक्य मागितलं की रुळलेलं वाक्य मिळतं. त्याला समोरच्या टेबलमधला 75 आणि 60 आपण होऊन ताडून बघायला कोणी सांगितलेलं नसतं.

दुसरं सापडलं ते लोहाच्या गोळ्यांबद्दल. शाळेतून आठवड्याला एक निळी गोळी देतात ना, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडवाली, ती नियमित घेणाऱ्या मुलींची तिने तुलना केली होती. ऑड्स रेशो 0.7 च्या आसपास, इंटरव्हल 0.45 ते 1.1. ड्राफ्टमध्ये तिने लिहिलेलं की या सॅम्पलमध्ये फरक सांख्यिकीदृष्ट्या सिग्निफिकंट आला नाही. फायनलमध्ये, गोळ्यांचा ॲनिमियावर परिणाम आढळला नाही. बघायला गेलं तर चार शब्द कमी झाले. पण इंटरव्हल बघा, 0.45 म्हणजे ऑड्स निम्म्याहून खाली आले असतील हेही या डेटाला मान्य आहे, आणि 1.1 म्हणजे काहीच फरक नसेल किंवा किंचित उलटं असेल हेही मान्य आहे. मुली कमी पडल्या म्हणून सांगता येत नाही, इतकंच म्हणता येतं. सांगता येत नाही आणि परिणाम नाही, यातलं अंतर फार मोठं आहे, आणि उद्या ही थीसिस शोधगंगावर, म्हणजे देशभरच्या थीसिसच्या ऑनलाइन संग्रहावर, गेल्यावर एखाद्या जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या माणसाने फक्त ॲब्स्ट्रॅक्ट वाचून गोळ्यांबद्दल मत बनवलं तर? मला या वाक्याने पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ केलं.

पण सगळ्यात महत्त्वाचं सापडलं ते मेथडॉलॉजीत, आणि ते बदललेलं नव्हतं, गेलेलं होतं. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

तिच्या प्रश्नावलीत सुरुवातीला गुजरातीत साधा प्रश्न होता, जमवानी साथे चा पीओ छो? जेवणासोबत चहा पिता का? पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, बहुतेक मुली म्हणाल्या, ना. हिला आश्चर्य वाटलं, कारण चहाचं प्रमाण घरोघरी तिने बघितलेलं. मग ती मुलींशी गप्पा मारत बसली आणि लक्षात आलं की मुलींच्या मते जमवानुं म्हणजे दुपारचं दाळ-भात-शाक आणि रात्रीचं जेवण, ज्याला गुजरातीत वाळु म्हणतात. सकाळी शाळेत जायच्या आधी दोन भाखऱ्या चहात बुडवून खाल्ल्या तर ते जेवण नाही, तो नास्तो. काही जणी तर त्याला नास्तोही म्हणत नव्हत्या, नुसतं "चा पीधी". पोटात भाखरी गेली, तिच्यातलं लोह गेलं, वरून टॅनिनही गेलं, आणि फॉर्मवर उत्तर काय तर नाही. मग तिने प्रश्न बदलला. दिवसातून कोणकोणत्या वेळी चहा पिता, आणि त्याच्याबरोबर किंवा तासाभरात मागेपुढे काय खाता, असं उलट्या बाजूने विचारलं. पोळी, भाखरी, थेपला, खाखरा यातलं काहीही असलं की ते जेवणासोबत, बिस्कीट असलं तर वेगळ्या रकान्यात. अख्ख्या अभ्यासातली ही सगळ्यात हुशारीची गोष्ट आहे आणि ही तिला कोणी शिकवली नव्हती.

ड्राफ्टमध्ये यावर दीड पान होतं, इंग्लिश अगदी ओबडधोबड, तीच तीच वाक्यं फिरून येणारी, भाखरी शब्द आठ-दहा वेळा. फायनलमध्ये काय उरलं, तर प्रश्नावलीची पूर्वचाचणी घेऊन तीत आवश्यक सुधारणा करण्यात आल्या, आणि जेवणासोबत चहाच्या सेवनाची माहिती गोळा करण्यात आली. दोन वाक्यं. व्याकरण निर्दोष. यावरून कोणालाही कळणार नाही की काय सुधारणा केली आणि जेवण म्हणजे नेमकं काय मोजलं. मी हे वाचलं आणि तिला विचारलं, समज एक्स्टर्नल म्हणाले, जेवणाची तुमची व्याख्या काय, सकाळचा नाश्ता धरला का? ती लगेच पायलटची गोष्ट सांगायला लागली, हातवारे करून, एकदम रंगून. म्हटलं हेच, पण ते थीसिसमध्ये कुठे आहे? तिने पानं चाळली, पुन्हा चाळली, आणि गप्प झाली.

नेमकं हेच होतं. स्पष्ट आणि नेमकं कर म्हटलं की पुनरावृत्ती कापली जाते, आणि मेथडमधली पुनरावृत्ती पुष्कळदा पुनरावृत्ती नसते, मोजमापाचे नियम असतात. कुठला पदार्थ कुठल्या रकान्यात गेला हे भाषेच्या नजरेला फापटपसारा वाटतं. तांदूळ पाखडताना कण्याही उडाव्यात तसं ते उडून जातं. आणि याचा परिणाम असा की जो दुसरा कोणी राजकोटला किंवा नागपूरला हाच अभ्यास करेल तो पहिलाच प्रश्न वापरेल, त्याच्याकडे चहा घेणाऱ्या मुली अर्ध्याच निघतील, आणि तो म्हणेल बडोद्याचा निकाल जुळत नाही.

बाकी दोन बदल लहान होते, पटकन सांगून टाकते. ज्या शाळांनी परवानगी दिली त्यांतल्या मुली, याचं झालं होतं बडोद्यातल्या मुलींचा प्रातिनिधिक नमुना. परवानगी देणाऱ्या शाळा आणि न देणाऱ्या शाळा सारख्याच असतात असं कोणी सांगितलं! आणि आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अठराच्या आतल्या मुलींसाठी पालकांची कन्सेंट आणि मुलींची वेगळी ॲसेंट, म्हणजे त्यांचा स्वतःचा होकार, लागते, तिने दोन्ही घेतलेली, कागद आहेत, पण फायनलमध्ये सहभागींची संमती घेण्यात आली एवढंच. इथे काम खरं आणि वाक्य अपुरं. एथिक्सवर प्रश्न आला तर ती ओरिजिनल फॉर्म्सची फाईल समोर ठेवू शकते, त्यामुळे त्याची मला काळजी नव्हती.

आता हे शोधायचं कसं. वर्डमध्ये रिव्ह्यूखाली कम्पेअर आहे, जुनी फाईल आणि नवी फाईल दिली की बदल लाल करून दाखवतं. आम्ही केलं, आणि अख्खं पान लाल झालं, कारण पॉलिशमध्ये जवळजवळ प्रत्येक वाक्याची रचना बदललेली होती. जिथे सगळंच लाल तिथे डोळा काही पकडत नाही. मग आम्ही वेगळं केलं. इंट्रोडक्शन आणि रिव्ह्यू बाजूला ठेवले, तिथे धोका कमी, संदर्भ खरे आहेत ना एवढं तिने आधीच तपासलेलं. मेथड, रिझल्ट, डिस्कशन आणि ॲब्स्ट्रॅक्ट घेतले आणि त्यातली फक्त ती वाक्यं उचलली ज्यात आकडा आहे, टेबलचा नंबर आहे, किंवा कशामुळे काय झालं असा दावा आहे. एका रकान्यात जुनं वाक्य, शेजारी नवं, आणि तिसऱ्या रकान्यात टेबल खरोखर काय म्हणतं ते. तिसरा रकाना सोडू नका, कारण जुनं आणि नवं एकमेकांशी ताडून उपयोग नसतो, दोन्ही टेबलशी ताडायची असतात. डिस्कशनमध्ये मग फार बघावं लागलं, कारण संबंध आढळला, असू शकतो, सुचवतो ही सगळी नरम क्रियापदं तिथेच असतात आणि पॉलिश होताना तीच आधी ताठ होतात. तिचा अभ्यास क्रॉस-सेक्शनल, म्हणजे चहा आणि हिमोग्लोबिन एकाच दिवशी मोजलेलं, त्यातून चहामुळे ॲनिमिया होतो असं म्हणताच येत नाही. दोन ठिकाणी तसं म्हटलेलं निघालं.

आणि जुनं वाक्यच नाही, असं नवं वाक्य भेटलं तर ते लगेच बाजूला. तसंच जुन्याला नवं जोडच नाही असं भेटलं तर तेही. भाखरीचं दीड पान असंच मिळालं.

थीसिस तर जमा झालेली, मग आता काय करायचं? लपवायचं नाही हे तर आहेच, पण व्हायवामध्ये कोणी बोट ठेवेल तेव्हा बघू असंही करायचं नाही. तिने गाईडना सगळं दाखवलं आणि त्यांच्या संमतीने शुद्धिपत्र तयार केलं, कुठल्या पानावर काय आहे, तिथे काय हवं, आणि कुठल्या टेबलवरून. आकडा एकही बदलला नाही, टेबलं सगळी बरोबरच होती, बदलली ती आकड्यांबद्दलची वाक्यं. एक्स्टर्नलकडे ते आधीच जाईल. व्हायवात दुरुस्त्या सुचवल्या जाणं नेहमीचंच आहे, आणि यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगा चालवणाऱ्या इनफ्लिबनेटकडे जाते ती मूल्यमापन पूर्ण झाल्यावर, म्हणजे कायमची नोंद होण्याआधी बरोबर प्रत तयार करायला जागा आहे.

मग राहिला तो प्रश्न ज्याची तिला सगळ्यात जास्त धास्ती, एआय वापरलं का? मला या प्रश्नाची इतकी भीती वाटत नाही, कारण तिच्याकडे कागद आहेत. कुठलं टूल, कुठलं व्हर्जन, कुठल्या महिन्यात, कुठले चॅप्टर, काय सूचना दिली आणि काय उत्तर आलं, सगळं सेव्ह केलेलं. हे आता केलं तर जमणार नाही, तेच वाक्य तीच सूचना देऊन पुन्हा टाकलं तर उत्तर वेगळं येऊ शकतं, आणि टूलची व्हर्जन्सही मागे बदलून जातात. म्हणून ज्यांची थीसिस अजून चालू आहे त्यांनी आत्ताच ठेवा, आणि पॉलिश करण्याआधीची फाईल वेगळ्या नावाने ठेवा, तिच्यावरच सेव्ह करू नका. एक्स्टर्नल असंही विचारू शकतात की मुलींचा डेटा बाहेरच्या टूलमध्ये टाकला का. तिने चॅप्टरचा मजकूर दिला, त्यात एकूण आकडे होते, नावं, शाळा, एक्सेलची शीट काहीही नव्हतं. हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

सिमिलॅरिटी रिपोर्टबद्दलही तिच्या मनात घोळ होता, तो बहुतेक मुलांच्या मनात असतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यात अवतरणं, संदर्भसूची वगैरे वगळून मोजतात. पण ते मोजतं दुसऱ्या छापील मजकुराशी साम्य. एआयने लिहिलं का हे सांगणारी यंत्रं निराळी, आणि त्यांच्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात डिटेक्टरना टोफेलचे निबंध दिले होते, म्हणजे इंग्लिश ज्यांची मातृभाषा नाही अशा माणसांनी लिहिलेले, आणि सरासरीने निम्म्याहून जास्त निबंधांवर एआयचा शिक्का बसला. साधं, मोजक्या शब्दांतलं इंग्लिश त्या यंत्रांना संशयास्पद वाटतं. आपली मुलं नेमकं तसंच लिहितात. म्हणून कोणी असा आकडा समोर ठेवला तर घाबरून जाण्यापेक्षा ड्राफ्टची फाईल, तारखा आणि फील्डच्या वह्या पुढे कराव्यात. भाचीच्या वह्यांवर चहाचे डागसुद्धा आहेत.

पण कागद कितीही असले तरी खरी परीक्षा तोंडाची. व्हायवा आता सगळ्यांसमोर होते, मागे ज्युनियर बसलेले असतात, आणि थीसिसचं इंग्लिश तुमच्या बोलण्याच्या इंग्लिशपेक्षा फारच वरच्या दर्जाचं असेल तर ते दोन मिनिटांत दिसतं. यावर उपाय म्हणून काही जण थीसिसची वाक्यं पाठ करतात. ते करू नका. आम्ही काय केलं, थीसिस मिटायची, एक टेबल घ्यायचं आणि आधी मराठीत सांगायचं, या ओळीत कोण मुली आहेत, किती आहेत, हा आकडा कसा काढला. मराठीत अडलं तर समजायचं की इथे इंग्लिशने झाकलेलं आहे. मग तेच साध्या इंग्लिशमध्ये, लहान वाक्यांत. थीसिसमधला जो शब्द ती स्वतः कधीच बोलत नाही तो आम्ही खालून रेघ मारून काढला, आणि प्रत्येकासमोर तिचा शब्द लिहिला.

असाच एक शब्द होता ॲटेन्युएटेड. ॲडजस्ट केल्यावर ऑड्स रेशो ॲटेन्युएट झाला, असं फायनलमध्ये. मी एक्स्टर्नलच्या आवाजात विचारलं, व्हॉट डू यू मीन बाय दॅट? ती म्हणाली, "कमी झाला." किती? "दोनाचा एक पॉइंट सहा झाला, आईचं शिक्षण आणि घरचं उत्पन्न घातल्यावर." का कमी झाला?

इथे ती थांबली. मी काही बोलले नाही. बाहेर रावपुऱ्याच्या रस्त्यावरचा हॉर्नचा गोंगाट चालू होता, तिने पेन टेबलवर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, त्या मुली चहा-भाखरी खातात कारण सकाळी घरात दुसरं काही नसतं. आई साडेसहाला कामाला जाते, रात्रीच्या भाखऱ्या असतात, दूध थोडंच असतं, त्याचा चहा सगळ्यांना पुरतो. शाक कोण करणार? म्हणजे मी जो चहा मोजला त्यात थोडी गरिबीच मोजली गेली. उत्पन्न स्टॅटिस्टिकल मॉडेलमध्ये घातलं तेव्हा तेवढा भाग निघून गेला, म्हणून आकडा खाली आला."

सगळा निघून गेला का?

"नाही. उत्पन्न मी तीनच गटांत विचारलं होतं, मुलींना नीट सांगताही येत नव्हतं. म्हणजे एक पॉइंट सहामध्येही अजून थोडी गरिबी राहिली असणार. किती ते माझ्या डेटातून सांगता येणार नाही. त्यासाठी एकाच घरातल्या, एकाच उत्पन्नाच्या काही मुलींना चहा तासभर उशिरा प्यायला सांगून काही महिन्यांनी पुन्हा हिमोग्लोबिन मोजावं लागेल."

मी म्हटलं हे सगळं असंच इंग्लिशमध्ये सांग, एकही शब्द न वाढवता. तिने सांगितलं. दोन ठिकाणी काळ चुकला, एका ठिकाणी आर्टिकल राहून गेलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.